डिपॉझिट परत मागणारे पत्र : कलम कलमाने उत्तर

घर सोडले, चावी दिली आणि पंधरा दिवसांनी घरमालकाचा हिशेब आला: रंगाचे इतके, साफसफाईचे इतके, नोटीस कमी पडली म्हणून एक महिन्याचे भाडे, आणि उरलेले हे एवढेच. महाराष्ट्रातल्या शहरांत लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्यांना हा हिशेब ओळखीचा असतो. त्यावर बहुतेक जण फोन करतात. फोनवर आवाज चढतो, मग एक बाजू फोन उचलणे बंद करते आणि रक्कम तिथेच अडकते. अशा वेळी उपयोगी पडते ते लेखी उत्तर. मालकाने कापलेली प्रत्येक रक्कम त्यात कराराच्या नेमक्या कलमाशेजारी ठेवून तपासलेली असते. त्याला वकिलाची भाषा लागत नाही. कराराची प्रत, हिशेब आणि थोडा संयम पुरतो.

पत्राचा पाया करारात असतो, म्हणून सुरुवात तिथून करावी लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे, आणि नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. करार नोंदवलेलाच नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिले होते याबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवायचे असेल तर पुरावा मालकाने आणायचा. नोंदणी झालेली असेल तर वाद बराच सोपा होतो, कारण अनामत रक्कम किती, मुदत किती आणि काय कापता येते हे दस्तातच छापलेले असते. उत्तराच्या पहिल्या परिच्छेदात दस्त क्रमांक, नोंदणीची तारीख आणि घराचा पत्ता लिहायचा तो याचसाठी. अडचण होते ती रकमेचा काही भाग रोख देऊन तो करारात न दाखवणाऱ्यांची. दस्तात 50,000 लिहिलेले असताना दिलेले 80,000 परत मागायचे, तर वरच्या 30,000 साठी वेगळा पुरावा शोधत बसावे लागते.

एक काल्पनिक पण रोजच्या व्यवहारातले उदाहरण घेऊ. पुण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट, भाडे महिना 24,000 रुपये, अनामत 72,000. करार अकरा महिन्यांचा, 1 जून 2024 ते 30 एप्रिल 2025. भाडेकरूची बदली झाली म्हणून त्याने 26 फेब्रुवारी 2025 रोजी ईमेलने नोटीस दिली, मार्चचे भाडे भरले आणि 31 मार्चला चाव्या सुपूर्द केल्या. 14 एप्रिलला मालकाने हिशेब पाठवला: रंगकाम 18,000, साफसफाई 3,500, बेसिन आणि स्वयंपाकघरातला नळ मिळून 6,000, एप्रिलचे भाडे 24,000 आणि वीजबिल 1,460. एकूण 52,960. उरलेले 19,040 रुपये त्याच दिवशी खात्यात जमा झाले, आणि सोबत मेसेज होता की हे ‘फुल अँड फायनल’.

करारातली चार-पाच कलमे या हिशेबाशी संबंधित आहेत. कलम 3 अनामत रकमेचे. ही रक्कम बिनव्याजी असेल आणि मुदत संपल्यावर किंवा करार रद्द झाल्यावर, घराचा रिकामा ताबा परत देतेवेळी, थकीत भाडे, थकीत वीजबिल आणि भाडेकरूने केलेल्या नुकसानीचा खर्च वजा करून परत केली जाईल, असे ते सांगते. कलम 5 नुसार वीजबिल भाडेकरूने भरायचे आणि सोसायटीचा मेंटेनन्स मालकाने. कलम 8 म्हणते की नेहमीच्या वापरातली झीज सोडून झालेली मोडतोड भाडेकरूने भरून द्यायची. कलम 11 म्हणते की पहिले सहा महिने कोणीही करार मोडायचा नाही, त्यानंतर दोघांपैकी कोणीही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन तो संपवू शकतो. आणि कलम 16 म्हणते की नोटिसा करारात दिलेल्या पत्त्यावर किंवा ईमेलवर पाठवल्या तरी चालतील.

या सगळ्यांत वजनदार कलम तिसरे. वजा करण्याच्या बाबींची यादी त्यात दिली आहे, आणि ती यादी हीच वादाची चौकट. मालकाला एखादी रक्कम कापायची असेल तर ती यादीतल्या कोणत्या बाबीत बसते ते त्याला दाखवता आले पाहिजे. काही करारांत यादीच्या शेवटी ‘आणि इतर सर्व येणी’ असे शेपूट जोडलेले असते. तसे असले तरी ‘येणी’ म्हणजे करारातून किंवा कायद्याने निघणारे देणे. मालकाला वाटलेला कोणताही खर्च त्यात आपोआप बसत नाही. कराराचा मसुदा हाती आला की पहिल्याच दिवशी हे कलम वाचणारे फार थोडे, ही गोष्ट वेगळी.

आता भाडेकरूचे उत्तर. मुख्य भागाची सुरुवात देणे मान्य करून व्हावी, हे पुष्कळांना उलटे वाटते. पण आपण काय देणे लागतो हे आधी लिहिले की पुढच्या नकाराला वजन येते. या उदाहरणात तो मजकूर असा येईल:

“कलम 5 नुसार मार्च महिन्याचे वीजबिल रु. 1,460 मला मान्य आहे. बेसिनला माझ्या वापरात तडा गेला. कलम 8 नुसार त्याचा खर्च देण्याची माझी तयारी आहे. त्याच प्रकारच्या बेसिनचे बसवण्याच्या मजुरीसह रु. 2,800 चे दरपत्रक सोबत जोडले आहे. आपले प्रत्यक्ष बिल वेगळे असल्यास कृपया त्याची प्रत पाठवावी.”

बेसिन आणि नळाची मिळून 6,000 ही एकच रक्कम मालकाने लावली होती. पत्राने ती आधी फोडली. बेसिन फुटले, ती मोडतोड. नळाचा वॉशर झिजून पाणी ठिबकू लागले, ती झीज. कलम 8 या दोहोंत फरक करते, तर हिशेबानेही करायला हवा. झीज आणि मोडतोड यांच्यामधली रेषा ताबा घेतानाच्या फोटोंवर ठरते. भिंतीवर पलंगाच्या पाठीचा पडलेला डाग, दाराच्या मुठीचा गेलेला रंग, फरशीवरच्या बारीक रेघा हे सारे राहण्याने होते. टाइलला पडलेले भोक, जळालेला ओटा, तुटलेली काच हे राहण्याने होत नाही, कोणाच्या तरी हातून होते. मधल्या वादग्रस्त गोष्टी असतातच. लहान मुलाने भिंतीवर रंगीत खडूने काढलेली चित्रे कशात मोडतात, याचे उत्तर कोणत्याही करारात नसते. तिथे समजुतीने थोडी रक्कम सोडणेच शहाणपणाचे.

रंगकामाचा मुद्दा महाराष्ट्रात सर्वांत जास्त वेळा निघतो, कारण ‘घर सोडताना एक महिन्याचे भाडे रंगाला’ ही अनेक ठिकाणची रूढ पद्धत आहे. काही करारांत ती स्पष्ट लिहिलेली असते. लिहिलेली असेल, तर पत्रात त्याविरुद्ध भांडण्यात अर्थ नाही; सही करताना ती अट मान्य केलेली असते. पण या करारात तशी अट नाही. मालक म्हणतो की घर दाखवताना हे तोंडी ठरले होते. त्याला पत्रात दोन वाक्ये पुरतात: “रंगकामाचा खर्च अनामत रकमेतून वजा करण्याची तरतूद करारात नाही. कलम 3 मधील बाबींत तो येत नाही आणि कलम 8 नुसार नेहमीच्या वापरातील झीज मी भरून देण्याचे नाही.” लेखी कराराच्या अटींना छेद देणारे किंवा त्यांत भर घालणारे तोंडी बोलणे पुराव्याच्या कायद्यातही सहसा टिकत नाही. मात्र हे पत्रात विस्ताराने सांगण्याची गरज नसते. साफसफाईच्या 3,500 रुपयांनाही हेच उत्तर लागू पडते. घर झाडून-पुसून दिल्याचे चावी देतानाचे व्हिडिओ चित्रण असेल तर त्याचा उल्लेख करावा.

सगळ्यांत मोठी रक्कम एप्रिलच्या भाड्याची, आणि इथे तारखा महत्त्वाच्या. मालकाचे म्हणणे असे की करार 30 एप्रिलपर्यंत होता, म्हणून तोपर्यंतचे भाडे द्यावेच लागेल. कलम 11 याला उत्तर देते. पहिल्या सहा महिन्यांचे बंधन 30 नोव्हेंबर 2024 ला संपले. 26 फेब्रुवारीला दिलेल्या नोटिशीचा महिना 26 मार्चला पूर्ण झाला, आणि भाडेकरूने ताबा दिला तो त्यानंतर, 31 मार्चला. नोटीस ईमेलने दिली होती, आणि कलम 16 ईमेलला मान्यता देते. म्हणून पत्रात ईमेलची तारीख आणि ती कोणत्या पत्त्यावर पाठवली हे लिहायचे, आणि ती मूळ ईमेल जपून ठेवायची. नोटीस फक्त व्हॉट्सॲपवर दिली असती तर बाजू थोडी लंगडी पडली असती, कारण या करारात व्हॉट्सॲपचा उल्लेख नाही. तरीही मालकाने त्यावर ‘ठीक आहे, 31 ला चावी द्या’ असे लिहिले असते, तर ते उत्तरच नोटीस मिळाल्याचा पुरावा ठरले असते. अशा मेसेजचे नुसते स्क्रीनशॉट न्यायालयात पुरत नाहीत. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यामुळे निकाल लागेपर्यंत तो फोन विकायचा नाही आणि चॅट पुसायचे नाही.

भाडेकरूच चुकला असता तर? समजा तो सहा महिन्यांच्या आतच बाहेर पडला असता आणि करारात ‘तसे केल्यास संपूर्ण अनामत जप्त’ अशी अट असती. तेव्हाही पत्र लिहायला जागा उरते. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 74 नुसार करारभंगासाठी आधीच ठरवलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा समजली जाते, आणि त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. सर्वोच्च न्यायालयाने 1963 च्या फतेह चंद खटल्यात याची मांडणी केली, आणि 2015 च्या कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात, नुकसानच झालेले नसताना रक्कम जप्त करता येणार नाही, हे स्पष्ट केले. घर रिकामे झाल्यावर दहाव्या दिवशी तितक्याच भाड्याने दुसरे कुटुंब राहायला आले असेल, तर मालकाचे नुकसान साधारण दहा दिवसांच्या भाड्याचे आणि दलालीचे, तीन महिन्यांच्या भाड्याचे नव्हे. अशा पत्रात भाडेकरूने चूक कबूल करून वाजवी आकडा स्वतःच सुचवावा. ‘मी एक रुपयाही देणार नाही’ या भूमिकेपेक्षा ती जास्त टिकते.

आकड्यांची बेरीज पत्रात छोट्या तक्त्यात किंवा दोन-तीन ओळींत द्यावी. अनामत 72,000, मान्य वजावट 1,460 अधिक 2,800 म्हणजे 4,260, परत देय 67,740, मिळालेले 19,040, बाकी 48,700. हा शेवटचा आकडा पत्राच्या विषयाच्या ओळीतही असावा, म्हणजे वाचणाऱ्याला मागणी शोधावी लागत नाही.

‘फुल अँड फायनल’ या शब्दांकडे दुर्लक्ष करणे महागात पडू शकते. करार अधिनियमाच्या कलम 63 नुसार येणे असलेला माणूस देणाऱ्याला उरलेल्या रकमेतून मोकळे करू शकतो. पैसे गप्प स्वीकारले आणि महिनोन्‌महिने काही बोलले नाही, तर ‘त्याने तेवढ्यावर समाधान मानले होते’ असे म्हणायला समोरच्याला जागा मिळते. म्हणून पैसे आले त्याच आठवड्यात लिहावे: “दि. 14 एप्रिल 2025 रोजी माझ्या खात्यात जमा झालेले रु. 19,040 मी अंशतः परतफेड म्हणून, उर्वरित रकमेवरील माझा हक्क अबाधित ठेवून, स्वीकारत आहे.” काही मालक पैसे देण्याआधी ‘माझे काही येणे नाही’ अशा पावतीवर सही मागतात. तशी सही केल्यानंतर हे पत्र जवळजवळ निरुपयोगी होते.

व्याजाची मागणीही याच पत्रात यावी. अनामत बिनव्याजी आहे हे कलम 3 चे म्हणणे ती मालकाकडे रीतसर राहण्याच्या काळापुरते आहे. परत देण्याची वेळ टळल्यानंतर विलंबाचे व्याज मागता येते. व्याज अधिनियम, 1978 मध्ये लेखी मागणीला महत्त्व आहे: व्याज मागितले जाईल असे नोटिशीत कळवलेले असेल, तर न्यायालय त्यात दिलेल्या तारखेपासून ते देऊ शकते. दराची मर्यादा या कायद्याने बँक ठेवींच्या दराशी जोडली आहे, म्हणून पत्रात 24 टक्के वगैरे लिहून काही साधत नाही. “पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत रु. 48,700 न मिळाल्यास दि. 1 एप्रिल 2025 पासून व्याजासह वसुलीची मागणी करण्यात येईल” एवढे पुरे.

भाषेचाही प्रश्न असतो. अकरा महिने ज्यांना ‘काका’ म्हटले त्यांना असे पत्र लिहिताना बरेच जण एक तर गयावया करतात, नाही तर एकदम धमकावतात. पत्रात ‘महोदय’ आणि ‘आपण’ ठेवावे, आणि मालकाच्या स्वभावाबद्दल अवाक्षरही काढू नये. आपण घर किती जपले याचे वर्णनही नको. पोलिसांत जाण्याची भाषा तर टाळावीच. अनामत न देणे हा मूलतः दिवाणी स्वरूपाचा वाद आहे, आणि पोलीस ठाण्यातूनही बहुधा तेच ऐकवले जाते. पत्र दीड-दोन पानांपेक्षा मोठे झाले तर समजावे की त्यात कलमांखेरीज दुसरेच काही शिरले आहे.

पत्र करारातल्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टने आणि त्याच दिवशी ईमेलने पाठवावे. सोबत कराराच्या संबंधित पानांची प्रत, नोटिशीची ईमेल, वीजबिल, दरपत्रक आणि चावी दिल्याची पोच जोडावी. मूळ कागद एकही पाठवू नये. मालकाने पाकीट घ्यायला नकार दिला तर ते त्या शेऱ्यासह परत येते. ते न उघडता तसेच ठेवावे. योग्य पत्त्यावर, पुरेसे टपाल भरून पाठवलेले पत्र पोचले असे कायदा सहसा गृहीत धरतो, आणि ‘घेण्यास नकार’ हा शेरा त्याला पूरकच ठरतो.

चावी अजून हातात असताना वाद निघाला, तर एक मोह आवरावा लागतो: पैसे मिळेपर्यंत ताबाच न सोडण्याचा. करारात तशी मुभा स्पष्ट लिहिलेली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 नुसार मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. 24,000 च्या घरासाठी ते महिन्याला 48,000 होतात, म्हणजे अडकलेली अनामत दीड महिन्यात संपते. शेवटचे दोन-तीन महिने भाडे थांबवून ‘डिपॉझिटमधून वळते करा’ म्हणणेही मालकाची संमती नसेल तर करारभंगच. त्यातून मालकाला कलम 11 आणि कलम 3 ही दोन्ही हत्यारे आयती मिळतात.

पंधरा दिवस उलटूनही उत्तर आले नाही, तर पुढचे मार्ग मोजके आहेत. कलम 24 खालचे सक्षम प्राधिकारी मालकाला ताबा मिळवून देण्यासाठी असतात. अनामत वसुलीचा अर्ज तिथे चालत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज केला तर मालकाला बोलावून लोकअदालतीत तडजोड घडवता येते, आणि तिथे झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. पण मालक आलाच नाही तर ती वाट तिथेच संपते. मग उरतो दिवाणी दावा. लेखी करारातून निघणारी निश्चित रक्कम असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खाली संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात मालकाला बचाव मांडण्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी मिळवावी लागते, आणि त्याच्याजवळ खरोखर काही मुद्दा आहे का हे तिथेच तपासले जाते. रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. या उदाहरणात ताबा 31 मार्च 2025 ला दिला, म्हणजे मुदत मार्च 2028 च्या अखेरपर्यंत. 48,700 रुपयांसाठी वकील, कोर्ट फी आणि तारखा यांचा खर्च परवडतो का, हा हिशेब ज्याचा त्याने करायचा. पण दाव्याला जोडायचा कागद मात्र एप्रिलमध्ये लिहिलेले हेच पत्र असते, आणि मालकाचा वकील ते वाचतो तेव्हा बहुतेक वेळा कलम 3 ची यादी त्याच्याही समोर उघडी असते.